लाभांश आला कुठून?

28 मार्च 2023 रोजी वेदांता कंपनीने शेअरमागे 20 रुपये 50 पैशांचा पाचवा अंतरिम लाभांश जाहीर केला आणि ‘2050 टक्के लाभांश’ अशा बातम्या झळकल्या. हे टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवर काढतात. वेदांताची दर्शनी किंमत एक रुपया आहे, पण बाजारात तो शेअर एक रुपयाला कोणालाच मिळत नव्हता. त्यामुळे घरखर्चासाठी लाभांशाकडे डोळे लावून बसलेल्या निवृत्त माणसाला या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही.

त्याला उपयोगी पडतो तो डिव्हिडंड यील्ड. वर्षभरात शेअरमागे मिळालेल्या लाभांशाला आजच्या बाजारभावाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. 2022-23 या वर्षात वेदांताने पाच हप्त्यांत मिळून 101 रुपये 50 पैसे दिले. मार्चअखेर भाव 275 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे यील्ड जवळजवळ 37 टक्के!

इतका यील्ड दिसला की आनंदाच्या आधी शंका यायला हवी. यील्डच्या गणितात बाजारभाव छेदात असतो. 200 रुपयांच्या शेअरवर 10 रुपये लाभांश असेल तर यील्ड 5 टक्के. उद्या धंदा बिघडला आणि भाव 100 वर आला, तर तोच यील्ड 10 टक्के दिसतो. कंपनीने एक पैसाही वाढवून दिलेला नसतो. शिवाय लाभांशाचा आकडा मागच्या वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी काय मिळेल, ते यील्ड सांगत नाही.

त्यासाठी पेआउट रेशो पाहायचा. कंपनीने कमावलेल्या शंभर रुपयांतले किती वाटले, एवढेच तो सांगतो. वार्षिक अहवालात ‘प्रति समभाग मिळकत’ म्हणजे ईपीएस दिलेली असते. लाभांशाला तिने भागायचे. उपकंपन्या असतील तर एकत्रित ताळेबंदातली ईपीएस घ्यावी. वेदांताची त्या वर्षाची एकत्रित ईपीएस सुमारे 28 रुपये 50 पैसे होती. कमाई साडेअठ्ठावीस, वाटप साडेएकशे एक. पेआउट 350 टक्क्यांच्या वर गेला.

मग उरलेले पैसे आले कुठून? मागील वर्षांचा साठलेला नफा वाटायला कायद्याची मुभा आहे, त्यामुळे यात बेकायदेशीर काही नव्हते. पण त्याच वर्षात कंपनीचे निव्वळ कर्ज सुमारे 21 हजार कोटींवरून 45 हजार कोटींवर गेले. लंडनस्थित पालक कंपनीवरही मोठे कर्ज होते आणि वेदांताचे सुमारे दोन तृतीयांश शेअर तिच्या गटाकडे असल्याने लाभांशाचा मोठा वाटा तिकडेच जात होता. लाभांश इतका का वाढला, याचे उत्तर माझ्या मते पालक कंपनीच्या पैशांच्या गरजेत आहे. पुढच्या वर्षी, 2023-24 मध्ये, लाभांश 29 रुपये 50 पैशांवर आला. ज्याच्याकडे 500 शेअर होते त्याला आदल्या वर्षी 50,750 रुपये मिळाले होते, आता 14,750. तरीही 275 रुपयांच्या भावाने हा परतावा वाईट नव्हता. फसगत झाली असती ती पहिल्या आकड्यावर वर्षाचे अंदाजपत्रक बसवणाऱ्याची.

याच्याशेजारी कोल इंडिया ठेवून पाहा. 2022-23 मध्ये तिने 24 रुपये 25 पैसे दिले आणि मार्चअखेरच्या भावावर यील्ड 11 टक्क्यांच्या वर होता. तोही चढाच. पण ईपीएस 45 रुपयांहून थोडी अधिक असल्याने पेआउट जेमतेम 53 टक्के भरत होता. पुढच्या वर्षी लाभांश 25 रुपये 50 पैसे झाला आणि नफा वाढल्याने पेआउट आणखी उतरला. अर्थात कोळसा, धातू, तेल यांचा नफा तेजी-मंदीवर चालतो. तेजीत पेआउट कमी दिसतो आणि मंदीत तोच लाभांश कंपनीला झेपेनासा होतो. म्हणून एका वर्षावर न विसंबता पाच वर्षांचा एकूण लाभांश आणि पाच वर्षांची एकूण ईपीएस घेऊन भागाकार करावा. मालमत्ता विकून एखाद्या वर्षी दिलेला विशेष लाभांश त्यातून वगळावा.

आणखी एक हिशेब राहून जातो. एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पेन्शनराच्या हातात 5 टक्के यील्डमधले साधारण 4 टक्केच पडतात.

तेव्हा चढा यील्ड पाहून शेअर घेण्याआधी एक कागद घ्या, पाच वर्षांचे लाभांश आणि ईपीएस समोरासमोर लिहा आणि खाली कर्जाचे आकडे मांडा. वाटप कमाईपेक्षा जास्त आणि कर्जही वाढते असेल, तर तो लाभांश घरखर्चात धरू नका.