विश्लेषण : मंगळवार बाबांचा, रविवार आईचा, पण मतभेद झाले तर निर्णय कोणाचा?

घटस्फोट परस्पर संमतीने झाला तरी मुलांवरून वाद पुन्हा उभा राहतो. शाळा, सुट्टी, उपचार आणि प्रवास या चार गोष्टी संमतीपत्रात कशा लिहाव्यात?

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. लेण्यांजवळ किंवा घृष्णेश्वर मंदिराच्या रस्त्यावर ज्याचे दुकान आहे, त्याला आठवड्यात मोकळा दिवस मिळालाच तर तो मंगळवार. रविवारी मात्र त्याला मान वर करायला सवड नसते. मुलांच्या शाळेला सुट्टी असते ती नेमकी रविवारी. अशा पालकाचा घटस्फोट झाला आणि संमतीपत्रात ‘वडिलांना दर रविवारी मूल भेटेल’ एवढेच ओळीत लिहिले गेले, तर कागदावर हक्क मिळतो, प्रत्यक्षात भेट होत नाही. सहपालकत्वाच्या आराखड्याची गरज इथे सुरू होते.

सहपालकत्वाचा आराखडा म्हणजे काय?

आईवडील वेगळे झाल्यावर मूल कोणाकडे, किती वेळ राहील आणि त्याच्याबद्दलचे निर्णय कोण, कसे घेईल, हे तपशिलात ठरवणारा दस्तऐवज म्हणजे हा आराखडा. ‘ताबा आईकडे, भेटीचा हक्क वडिलांना’ या एका वाक्यापेक्षा तो वेगळा असतो, कारण त्यात ताबा आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या काढलेल्या असतात. मूल आईकडे राहत असले तरी शाळा बदलण्याचा निर्णय दोघांचा असू शकतो.

कायदा काय सांगतो?

भारतात संयुक्त ताब्याची सविस्तर पद्धत घालून देणारा स्वतंत्र कायदा नाही. कायदा आयोगाने मे २०१५ मधील २५७व्या अहवालात अशी तरतूद करण्याची शिफारस केली होती. मात्र त्यावरून कायदा झालेला नाही. त्यामुळे न्यायालये १८९० चा पालक व पाल्य कायदा, १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ यांच्या आधारे निर्णय देतात. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावे असे १९५६ चा कायदा म्हणतो, पण सर्वांत वरची कसोटी मुलाच्या हिताचीच आहे. पालकांनी आपसात काहीही ठरवले तरी ते मुलाच्या हिताविरुद्ध असेल तर न्यायालय ते नाकारू शकते.

वेळ सारखा वाटणे हाच उपाय असतो असेही नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका प्रकरणात जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे अशी वाटणी केली होती. दोन्ही घरांतून एकच शाळा गाठता येत असेल तेव्हा असे जमते. वेरूळ आणि छत्रपती संभाजीनगर यांत सुमारे तीस किलोमीटरचे अंतर आहे. शहरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला सहा महिने रोज ही ये-जा करायला लावणे म्हणजे पालकांमधली समानता मुलाच्या झोपेतून वसूल करणे.

प्रत्यक्षात आराखडा कसा दिसतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. आई छत्रपती संभाजीनगरमध्ये नोकरी करते, वडिलांचे वेरूळला दुकान आहे आणि मुलगी आठ वर्षांची आहे. मुलगी आईकडे राहणार यावर दोघांचे एकमत आहे. पहिल्या मसुद्यात लिहिले होते, ‘वडिलांना सोयीनुसार भेटता येईल.’ हा ‘सोयीनुसार’ शब्दच पुढच्या भांडणाचे मूळ ठरतो. सोय कोणाची, हे ठरवायचे कोणी?

दुरुस्त मसुद्यात दर मंगळवारी वडील मुलीला शाळेतून घेतील, शहरातच तिच्यासोबत थांबतील आणि संध्याकाळी साडेसातला आईच्या घरी सोडतील असे लिहिले. बुधवारी सकाळी शाळा असल्याने मुक्काम नाही. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मुलगी वेरूळला राहील. रविवारी दुकानात गर्दी असते म्हणून तेव्हा आजी घरी असेल, हेही नमूद केले. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला वेरूळला भाविकांची रीघ लागते. त्या काळात मुक्कामाची पाळी आली तर ती पुढच्या आठवड्यात ढकलता येईल, मात्र तसे चार दिवस आधी मेसेजवर कळवावे लागेल. न कळवता चुकवलेली पाळी भरून मिळणार नाही.

सुट्ट्यांचे काय?

उन्हाळी सुट्टी ‘निम्मी-निम्मी’ असे लिहिणे पुरत नाही. समजा, शाळेच्या परिपत्रकानुसार सुट्टी २ मे ते १४ जून, म्हणजे ४४ दिवस आहे. मग पहिला भाग २ ते २३ मे आणि दुसरा २४ मे ते १४ जून, प्रत्येकी २२ दिवस. सम वर्षी पहिला भाग वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे. शाळा सुरू होण्याआधीचे शेवटचे दोन दिवस मात्र दरवर्षी आईकडे राहावेत, कारण वह्या-पुस्तके आणि गणवेशाची तयारी तिथेच होते. तेवढे दिवस वडिलांना दिवाळीच्या सुट्टीत मिळतील. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज हे दिवसही वर्षाआड बदलतात. आधार शाळेच्या परिपत्रकाचा धरला की ‘सुट्टी नेमकी कधी लागली’ हा वाद उरत नाही.

ज्या काळात मूल एकाकडे असेल, त्या काळात दुसऱ्याशी बोलण्याची वेळही ठरवावी. यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्कही महत्त्वाचा मानला आहे. मुलाचा ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलता यावे, असे त्यात म्हटले आहे.

शाळेचे निर्णय कोणी घ्यायचे?

रोजचे निर्णय, म्हणजे शिकवणी, सहल, स्नेहसंमेलनातला सहभाग, ज्याच्याकडे मूल राहते त्याचे. शाळा किंवा माध्यम बदलणे आणि वसतिगृहात ठेवणे हे दोघांच्या लेखी संमतीने. सर्वांत मोठी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची असते. एक पालक अर्ज करतो, शाळा दाखला देते आणि दुसऱ्याला ते महिन्याभराने कळते. शाळेला संमतीपत्राची माहिती आपोआप मिळत नाही. म्हणून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत शाळेत देऊन दोघांच्या सहीशिवाय दाखला देऊ नये, असा अर्ज करण्याचे कलम आराखड्यातच ठेवावे. प्रगतिपुस्तक आणि पालक सभेची सूचना दोघांच्या मोबाइलवर जावी, हेही त्याच अर्जात लिहिता येते.

शुल्क ‘दोघे मिळून भरतील’ असे लिहू नये. कोण किती टक्के, कोणत्या तारखेपर्यंत आणि वह्या, गणवेश, बस यांचा त्यात समावेश आहे की नाही, हे स्पष्ट हवे.

उपचारांसाठी वेगळा विचार का?

कारण इथे वाट पाहायला नेहमी वेळ नसतो. म्हणून निर्णयांचे तीन भाग करावेत. ताप, सर्दी, ठरलेले लसीकरण याबाबत मूल ज्याच्याकडे असेल त्याने निर्णय घ्यावा आणि त्याच दिवशी कळवावे. नियोजित शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ चालणारे औषध यासाठी दोघांची लेखी संमती हवी. अपघातासारख्या तातडीच्या वेळी हजर असलेल्या पालकाने सही करावी आणि तासाभरात दुसऱ्याला सांगावे.

दुसऱ्या भागात मतभेद झाले तर? आपल्या उदाहरणात सात दिवसांत उत्तर न आल्यास किंवा मत न जुळल्यास मुलीच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचे लेखी मत घ्यावे आणि तरीही कोणाची हरकत असेल तर त्याने न्यायालयात जावे, असे ठरले. मौन म्हणजे नकार नाही, ही ओळ महत्त्वाची. तिच्याअभावी एका पालकाच्या गप्प बसण्याने उपचार अडतात. मुलीची औषधांची फाइल तिच्या दप्तरासारखीच दोन्ही घरांत तिच्यासोबत जाते.

प्रवास आणि पासपोर्ट

राज्यातल्या प्रवासाला परवानगी नको, फक्त माहिती द्यावी. राज्याबाहेर जायचे तर सात दिवस आधी पत्ता आणि परतीची तारीख कळवावी. परदेशाची गोष्ट वेगळी आहे. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांचे घोषणापत्र ‘अ‍ॅनेक्श्चर डी’मध्ये द्यावे लागते. एकाची संमती नसेल तर ‘अ‍ॅनेक्श्चर सी’ची वाट आहे. पासपोर्ट कोणाकडे राहील, तो किती दिवस आधी द्यायचा आणि तिकिटाची प्रत कधी दाखवायची, हे आधीच लिहावे. मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे मूल परत आले नाही तर या कराराची यंत्रणा वापरता येत नाही.

सहल आणि स्थलांतर यांतही फरक करावा. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पुण्यातील एका आईचे प्रकरण आले. तिला नोकरीनिमित्त पोलंडला जायचे होते, वडिलांचा विरोध होता. न्या. भारती डांगरे यांनी आईला मुलीसह जाण्याची परवानगी दिली. त्याच वेळी वडिलांची मुलीशी प्रत्यक्ष आणि ऑनलाइन भेट सुरू राहील, अशी व्यवस्थाही केली. म्हणजे ‘परदेशात नेणार नाही’ अशी कायमची बंदी लिहून घेण्यापेक्षा ‘स्थलांतर करायचे झाल्यास किती आधी कळवायचे आणि दुसऱ्याची भेट कशी भरून द्यायची’ हे लिहिणे अधिक टिकते.

नोटरी केलेला करार पुरेसा आहे का?

नाही. मुद्रांक कागदावरचा करार पालकांमधला पुरावा ठरू शकतो, पण न्यायालयाच्या हुकुमासारखी त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. कलम १३ ब खालील संमतीच्या घटस्फोटात या अटी न्यायालयासमोर दाखल करून त्या हुकूमनाम्याचा भाग झाल्या पाहिजेत. कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशकाकडे मसुदा आधी नेला तर अनेक मोघम शब्द तिथेच सापडतात.

हुकूमनामा झाल्यावरही एका पालकाने भेट अडवली, तर त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी ठरलेल्या दिवसाचे मेसेज जपून ठेवावेत. पोटगी थकली म्हणून भेट बंद करता येत नाही आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवता येत नाही.

हा आराखडा कायमचा नसतो. ताब्याचे आदेश अंतिम नसतात, परिस्थितीनुसार बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच स्पष्ट केले आहे. आठ वर्षांच्या मुलीला मंगळवारची संध्याकाळ बाबांसोबत हवी असते. तेराव्या वर्षी त्याच वेळेला तिची शिकवणी असेल. म्हणून उदाहरणातल्या आराखड्याचे शेवटचे कलम असे आहे : दरवर्षी एप्रिलमध्ये दोघे एकत्र बसून वेळापत्रक तपासतील, मुलीचे म्हणणे ऐकतील आणि नवे काही ठरेपर्यंत जुने वेळापत्रकच चालू राहील.