अकरा कामं, एकच नोंद

पुण्यातल्या एका यूआय डिझायनरचं उदाहरण घेऊ. जुलै २०२१ मध्ये तिने नोकरी सोडली, तीन वर्षं स्वतंत्रपणे कामं घेतली आणि आता तिला पुन्हा नोकरी हवी आहे. तिच्या रेझ्युमेत अकरा कामं अकरा वेगळ्या नोंदींत आहेत. कुठे दोन महिने, कुठे पाच, मध्ये रिकाम्या जागा. एचआरची नजर आधी तारखांवर जाते. त्यांना ही बाई सारख्या नोकऱ्या बदलते असं वाटलं, तर दोष त्यांचा नाही.

खरं तर या काळात तिचा धंदा एकच होता, फक्त ग्राहक बदलत होते. म्हणून नोंदही एकच हवी: ‘स्वतंत्र यूआय डिझायनर, पुणे, जुलै २०२१ ते जून २०२४’. त्याखाली अकरापैकी फक्त तीन-चार कामं, तीही नव्या नोकरीशी जुळणारी. दोन कामांमधले रिकामे आठवडे मग वेगळे सांगावे लागत नाहीत. मात्र सलग सात-आठ महिने काम घेतलंच नसेल, तर तिथे नोंद तोडावी. आणि एकट्याने चालवलेल्या कामाला ‘संस्थापक व सीईओ’ म्हणू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘टीममध्ये किती जण?’ हाच येतो.

आता एक ओळ पाहू. आधी होतं: ‘दवाखान्यासाठी अपॉइंटमेंट अ‍ॅप डिझाइन केलं.’ यातून तिने लोगो केला की सगळं अ‍ॅप, हेही कळत नाही. नवी ओळ अशी: ‘तीन शाखांच्या दवाखान्याच्या अ‍ॅपचे सर्व स्क्रीन, दोन डेव्हलपरांबरोबर पाच महिने, नोंदणीच्या सात पायऱ्या चारवर आणल्या.’ पायऱ्या तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये मोजता येतात. रिसेप्शनवरचे फोन किती कमी झाले, हे मात्र ग्राहकच सांगू शकतो, तेव्हा ई-मेल करून विचारावं. आकडा नाहीच मिळाला तर तो बनवू नये. त्याच ग्राहकाने पुढच्या वर्षी दुसरं काम दिलं असेल, तर तेवढं लिहिलं तरी पुरतं. गुप्ततेचा करार असेल तर नावाऐवजी ‘खासगी दवाखान्यांची साखळी’ लिहावं.

खरी अडचण येते ती ऑफरनंतर, पार्श्वभूमी पडताळणीत. तिथे रिलीव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा मागतात; पीएफच्या नोंदीतही ही तीन वर्षं कोरीच दिसतात. त्याऐवजी वर्क ऑर्डर, बिलं, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि फॉर्म २६एएस द्यावेत. २६एएसमध्ये कुणी कधी टीडीएस कापला ते नावानिशी दिसतं. छोट्या ग्राहकांनी तो कापलेला नसतो, त्यामुळे त्यांची कामं तिथे नसतात. त्यांच्यासाठी बिल आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळवून दाखवावी लागते. बिलं बहुधा काम संपल्यावर निघतात, म्हणून रेझ्युमेतला सुरुवातीचा महिना वर्क ऑर्डरवरून घ्यावा.