टाकीत हवा आहे, पण ती गनपर्यंत पोहोचते का?

सँडर जोर धरत नाही अशी तक्रार आली की वर्कशॉपचा मालक मोठ्या कॉम्प्रेसरची चौकशी करू लागतो. त्याआधी त्याने प्रेशर दाखवणारा आणखी एक गेज घेऊन सँडरच्या तोंडाशी बसवावा आणि ट्रिगर दाबून धरून काटा पाहावा. ट्रिगर सोडलेला असताना टाकीवरचा गेज आणि हा गेज जवळपास सारखाच आकडा दाखवतात, त्यामुळे दोष कळतच नाही. हवा वाहू लागली की दोन्ही आकड्यांतला फरक दिसतो. तेवढा दाब वाटेत हरवलेला असतो.

इमारतींसाठी दारं-चौकटी बनवणारं, पनवेलसारख्या दमट भागातलं एक वर्कशॉप धरू. सँडरला मिनिटाला ३४० लिटर हवा लागते, पॉलिशच्या स्प्रे गनला २८०, आणि खिळ्यांच्या गन व धूळ उडवायची गन मिळून २३०. सगळं एकदम चाललं तर ८५० लिटर. पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात सुमारे ४५० लिटर देतो. लेबलवरचा आकडा बरेचदा पिस्टनच्या विस्थापनाचा आणि म्हणून मोठा असतो. हिशेबात धरायची ती खरी बाहेर पडणारी हवा, जिला कॅटलॉगमध्ये ‘एफएडी’ म्हणतात.

मिनिटाला ४०० लिटर कमी पडतात. असा जोर दोन मिनिटं टिकवायचा तर ८०० लिटर हवा टाकीने द्यायला हवी. टाकीचा दाब एक बारने उतरला की तिच्या प्रत्येक लिटरमागे साधारण एक लिटर मोकळी हवा मिळते. कॉम्प्रेसर १० बारला बंद होतो आणि ८ ला चालू, म्हणून हिशेब ८ पासूनच सुरू करायचा. सँडरला ६ बार हवेत. वाटेत काहीच हरवत नसेल तर ८ ते ६ हे दोन बार वापरता येतात आणि ४०० लिटरची टाकी पुरते. अर्धा बार हरवत असेल तर टाकी साडेसहाच्या खाली जाऊन चालत नाही; मग दीडच बार हाती उरतो आणि टाकी ५३३ लिटरची लागते. दीड बार हरवत असेल तर १६०० लिटरची! टाकीचं माप पाइप ठरवतो, ते असं.

हा दीड बार कुठे जातो? ४० मीटरच्या अर्ध्या इंची जीआय पाइपमध्ये ८५० लिटरला जेमतेम ०.३ बार. खरा चोर शेवटची मऊ पीयू नळी असते. तिचं माप बाहेरून सांगतात, त्यामुळे ‘१० एमएम’ नळीचं आतलं भोक साडेसहाचंच निघतं. अशा १० मीटर नळीत एकटा सँडर सुमारे १.२ बार घालवतो. त्याऐवजी १२ एमएमची, आतून ८ असलेली, पाच मीटर नळी लावली तर तोटा ०.२ वर येतो. भोक निम्मं झालं की तोटा सुमारे ३२ पट वाढतो, म्हणून दोन मिलिमीटरलाही एवढं महत्त्व. मुख्य लाइन एक इंची केली की तिथला तोटा नगण्य होतो, आणि फिल्टर व कपलर धरूनही सगळं अर्ध्या बारमध्ये बसवता येतं. ५३३ ला जवळची, थोडी मोठी टाकी घ्यावी. लाइनसाठी पीव्हीसी पाइप मात्र कधीही वापरू नये. तो दाबाखाली फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

पावसाळ्यात ३० अंशांना ८० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. हा कॉम्प्रेसर आठ तास सलग चालला तर पाच लिटरहून अधिक पाणी आत ओढतो. टाकीत हवा ४० अंशांपर्यंत निवली तर त्यातलं चारेक लिटर तळाशी साचतं, म्हणून ड्रेन कॉक रोज उघडायचा. उरलेलं लिटरभर वाफ होऊन पुढे जातं आणि थंड पाइपात पुन्हा पाणी होतं. मुख्य लाइनला उतार द्यावा आणि फांद्या पाइपच्या वरच्या अंगाने काढाव्यात, म्हणजे पाणी खालून निघून जाईल आणि हत्यारात शिरणार नाही.

सगळी हवा वाळवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खिळ्यांच्या गनला आणि सँडरला फिल्टर पुरतो, शिवाय त्यांना थोडं तेलही लागतं. कोरडी हवा हवी ती स्प्रे गनला, कारण पीयू पॉलिश ओलाव्याशी रासायनिक क्रिया करतं आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येतात. त्या एका फांदीवर, तेल सोडणाऱ्या ल्युब्रिकेटरच्या आधी, रेफ्रिजरेटेड ड्रायर बसवावा. तो हवेचा दवबिंदू ३ अंशांच्या आसपास आणतो, आणि आपल्याकडे वर्कशॉपातला पाइप तेवढा थंड होत नाही. उणे ४० अंशांचा डेसिकंट ड्रायर इथे नको. स्वतःला वाळवण्यात तो हवेचा बराच हिस्सा बाहेर सोडतो.

ड्रायरची क्षमता मात्र २८० लिटर पाहून घेऊ नये. कॅटलॉगमधला आकडा बहुधा ३५ अंशांची हवा आणि २५ अंशांची खोली धरून दिलेला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये हवा ४५ आणि खोली ४० अंशांवर गेली की क्षमता साधारण साठ टक्क्यांवर येते. नेमका गुणक कंपनीच्या तक्त्यात पाहावा. २८० भागिले ०.६ म्हणजे ४६७ लिटर, अर्थात साडेसोळा सीएफएम. त्यामुळे २० सीएफएमचा ड्रायर घ्यावा आणि तो कॉम्प्रेसरच्या गरम झोतापासून दूर, मोकळ्या वाऱ्याच्या बाजूला ठेवावा.