पुट ऑफ की पोस्टपोन?

बैठक पुढे ढकलली, हे इंग्रजीत दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, 'द मीटिंग वॉज पुट ऑफ', आणि दुसरी, 'द मीटिंग वॉज पोस्टपोन्ड'. पहिल्या वाक्यात 'पुट' हे अगदी साधं क्रियापद आहे आणि त्याला 'ऑफ' हा छोटा शब्द जोडलेला आहे. दोघांचे सुटे अर्थ माहीत असले तरी त्यांच्या बेरजेतून 'पुढे ढकलणे' निघत नाही, तो अर्थ वेगळा लक्षात ठेवावा लागतो. अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा परकीयांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणून प्रस्तावनेत या क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला होता.

हे जोड्यांचं प्रकरण इंग्रजीच्या मूळ घरातलं आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. कोर्टात इंग्रजी बोलली जावी असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिनमधून शब्द भराभर उचलले. त्यामुळे घरात, शेतात, बाजारात 'पुट ऑफ' चालत राहिलं आणि कागदावर 'पोस्टपोन' आलं. आपल्याकडे संस्कृत शब्दांनी कागदाची भाषा व्यापली, तसंच काहीसं.

मराठी माणसाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा असतो. इंग्रज मूल 'पुट ऑफ' आधी शिकतं आणि 'पोस्टपोन' शाळेत गेल्यावर. आपल्याला इंग्रजी पुस्तकातून भेटते, म्हणून पोस्टपोन, टॉलरेट, रिटर्न हे शब्द आधी ओळखीचे होतात, आणि 'पुट अप विथ' म्हणजे काय ते आठवावं लागतं. आपल्या हातून होणाऱ्या कितीतरी चुका या उलट्या क्रमातून येतात.

'पोस्टपोन' उलगडून पाहा. लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. इथेही 'ठेवणे' आहे आणि एक छोटा शब्दही आहे, फक्त तो मागे न लागता पुढे चिकटला आहे. 'रिटर्न'मधल्या 'रि'मध्ये 'मागे' आहे, 'प्रोसीड'मधल्या 'प्रो'मध्ये 'पुढे' आहे. म्हणजे एकशब्दी क्रियापदाने तो छोटा शब्द आपल्या पोटातच घेतलेला असतो. आपण मात्र कानावर असलेल्या 'कम बॅक'मधला 'बॅक' उचलतो आणि 'रिटर्न बॅक' म्हणतो. 'गो इनटू'मधून 'एंटर इनटू द रूम' होतं, 'वेट फॉर'मधून 'अवेट फॉर' होतं, 'टॉक अबाउट'मधून 'डिस्कस अबाउट' होतं. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: एकशब्दी क्रियापदानंतर छोटा शब्द लिहायला हात गेला, की थांबावं आणि तो आपण शेजारच्या जोडीतून आणला का ते पाहावं. अपवाद आहेतच. खोलीत शिरताना 'एंटर'नंतर 'इनटू' नको, पण करार करताना 'एंटर इनटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट' हेच बरोबर.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. शिकवण्यांमधून दोन रकाने पाठ करून घेतात: डावीकडे जोडी, उजवीकडे 'फॉर्मल' शब्द. त्यातून असा समज होतो की अर्थ तोच, फक्त कपडे बदलले. तसं नसतं. समजा, गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी लिफ्टच्या कंपनीला लिहायचा मसुदा असा केला आहे: 'द लिफ्ट हॅज ब्रोकन डाउन. यू हॅव पुट ऑफ द रिपेअर्स थ्री टाइम्स. वी कॅनॉट पुट अप विथ धिस एनीमोर. प्लीज लुक इनटू इट अँड गेट बॅक टु अस.' पत्र कार्यालयीन आहे, तेव्हा सगळ्या जोड्या काढाव्यात असं वाटेल.

पहिली जोडी, 'ब्रोकन डाउन'. हिला नेमका एकच शब्द मिळत नाही. 'मालफंक्शन' म्हटलं तर लिफ्ट बिघडली एवढं कळतं, बंद पडली हे नाही. 'द लिफ्ट इज आउट ऑफ ऑर्डर' हे सरळ आणि पुरेसं औपचारिक आहे. दुसरी जोडी 'पुट ऑफ'. इथे 'पोस्टपोन्ड' चालेल, पण त्यातून अर्थ निघतो की कंपनीने दर वेळी नवी तारीख ठरवली. तारीखच दिली नसेल, नुसती टोलवाटोलवी झाली असेल, तर 'डिलेड' जास्त खरं. आणि कंपनीने काम रद्दच केलं असेल तर ते 'कॉल ऑफ', म्हणजे 'कॅन्सल'. पुट ऑफ आणि कॉल ऑफ यांची गल्लत केली तर पत्र वाचणाऱ्याला वेगळीच बातमी मिळते.

तिसरी जोडी सर्वांत नाजूक. 'पुट अप विथ'मध्ये कुरकुर असते: आवडत नाही, पण चालवून घेतो. 'टॉलरेट'मध्ये ती असेलच असं नाही. रुग्णाने औषध चांगलं टॉलरेट केलं असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा शरीराला ते सोसलं एवढाच अर्थ असतो. तिथे 'पुट अप विथ' घातलं तर रुग्ण नाक मुरडत औषध घेतोय असं चित्र उभं राहतं. नकारात मात्र उलटं घडतं. 'वी विल नॉट टॉलरेट धिस' ही फलकावरची, नोटिशीतली भाषा आहे, तिला धमकीचा वास येतो. सचिवांना गैरसोय सांगायची आहे, धमकी द्यायची नाही. म्हणून 'रेसिडेंट्स आर फेसिंग सीरियस इनकन्व्हीनियन्स' असं लिहिलेलं बरं. शेवटी 'लुक इनटू'. त्याच्या जागी 'इन्व्हेस्टिगेट' घातलं तर गुन्ह्याच्या तपासासारखं वाटतं. इथे 'लुक इनटू' तसंच राहू द्यावं, अशी वाक्यं मोठ्या कंपन्यांच्या पत्रांतही असतात. 'गेट बॅक टु अस'ऐवजी साधं 'रिप्लाय' पुरतं. भारतीय कचेऱ्यांतलं 'रिव्हर्ट' टाळावं, कारण बाहेरच्या वाचकाच्या लेखी त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा होतो.

म्हणजे पाच जोड्यांपैकी एकीलाच रकान्यातला शब्द जसाच्या तसा लागू पडला, आणि तोही तारीख ठरली होती या अटीवर.

व्याकरणाचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'पुट ऑफ'मध्ये कर्म मधे बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चुकीचं. पण 'पुट अप विथ इट' फोडता येत नाही. एकशब्दी क्रियापद हा त्रास देत नाही, म्हणूनही ते आपल्याला जवळचं वाटतं. बोलताना मात्र त्याचा अतिरेक जाणवतो. 'मी सिगारेट सोडली' हे मित्राला 'आय गेव्ह अप स्मोकिंग' असंच सांगावं. तिथे 'अबँडन्ड' म्हटलं तर ऐकणारा थबकेल.

परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या मराठी मुलांनी हे जास्त सांभाळावं. आयईएल्टीएसच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात पत्र लिहावं लागतं. ते कधी मित्राला असतं, कधी अनोळखी अधिकाऱ्याला, आणि सूर प्रसंगाला साजेसा आहे का हे गुण देताना पाहिलं जातं. तेव्हा रकाने पाठ करण्याऐवजी शिकणाऱ्यांसाठीचा चांगला शब्दकोश उघडा, प्रत्येक शब्दाखालची दोन-तीन उदाहरणं वाचा, आणि आपलं वाक्य त्यांच्या शेजारी ठेवून पाहा. मित्राच्या पत्रात 'पुट ऑफ' बिनधास्त राहू द्या.