आलेख कणांचा आकार सांगतो, मातीचा स्वभाव नाही

गैरसमज: कणमानाच्या आलेखात सिल्टची टक्केवारी चिकणमातीपेक्षा जास्त निघाली, की ती माती सिल्ट.

हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत वाचतो, साइटवर ऐकतो आणि कधीकधी माती परीक्षणाच्या अहवालातही पाहतो. काळ्या मातीवर पाया घालताना ही चूक महागात पडते, म्हणून एक उदाहरण सोडवून दाखवतो.

समजा, काळ्या मातीचा नमुना तपासला. आलेखाच्या आडव्या अक्षावर कणांचा व्यास लॉग मापात असतो आणि उभ्या अक्षावर त्या व्यासापेक्षा बारीक असलेल्या मातीची टक्केवारी. आपल्या आलेखात 4.75 मिलिमीटरला 100, 75 मायक्रॉनला 88 आणि 2 मायक्रॉनला 42 टक्के वाचता येतात. भारतीय मानक आयएस 1498 नुसार 4.75 मिलिमीटर ते 75 मायक्रॉन वाळू, 75 ते 2 मायक्रॉन सिल्ट आणि त्याखाली चिकणमाती. प्रत्येक गटाचे प्रमाण दोन वाचनांच्या वजाबाकीतून मिळते: वाळू 12, सिल्ट 46, चिकणमाती 42. इथवर सगळे बरोबर आहे. पण "46 मोठे, म्हणून सिल्ट" हा पुढचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

वस्तुस्थिती: त्याच मानकानुसार आलेखाने फक्त पहिला प्रश्न सोडवायचा असतो. निम्म्याहून अधिक माती 75 मायक्रॉनच्या चाळणीतून गेली, तर ती बारीक कणांची माती. आपल्याकडे 88 टक्के गेली. त्यापुढे सिल्ट की चिकणमाती हे टक्केवारीवर ठरतच नाही, ते लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिटवर ठरते. आपल्या नमुन्याची लिक्विड लिमिट 68 आणि प्लास्टिक लिमिट 30 आली असे धरू. दोन्हींतला फरक, म्हणजे प्लास्टिसिटी इंडेक्स, 38. आता ए-लाइन पाहायची: 0.73 × (68 − 20) म्हणजे सुमारे 35. आपले 38 या रेषेच्या वर आहेत आणि लिक्विड लिमिट 50 च्या पुढे आहे. म्हणून ही माती CH, म्हणजे उच्च प्लास्टिसिटीची चिकणमाती. सिल्ट वजनाने पुढे असूनही!

याचे कारण खनिजात आहे. क्वार्ट्झ दळून 2 मायक्रॉनच्या खाली आणला, तरी ते दगडाचे पीठच राहते. त्याला चिकटपणा येत नाही. उलट काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट पातळ पापुद्र्यांचे असते. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे 800 चौरस मीटरपर्यंत जाते, तर केओलिनाइटचे साधारण 10 ते 20. एवढ्या पृष्ठभागावर पाणी धरले जाते, म्हणून 42 टक्के भाग उरलेल्या मातीलाही आपल्याबरोबर फुगवतो आणि आकसवतो. आलेखात हे कुठेच दिसत नाही. तिथे दगडाचे पीठ आणि मॉन्टमोरिलोनाइट एकाच बिंदूवर बसू शकतात.

मग हा गैरसमज टिकतो कसा? शेतीशास्त्रात मातीचा पोत वाळू, पोयटा आणि चिकणमातीच्या टक्केवारीवरूनच, त्रिकोणी आलेखात पाहून ठरवतात. तिथे ते योग्य आहे, कारण नाव पोताला द्यायचे असते. पायाच्या कामात तोच त्रिकोण लावू नये.

शंका असेल तर हातानेही पाहता येते. ओल्या मातीची वडी तळहातावर ठेवून हात हलवा. सिल्ट असेल तर पाणी पटकन वर येऊन वडी चकाकते आणि दाबली की चकाकी जाते. प्लास्टिक चिकणमाती ढिम्म राहते. सिल्टचे वाळलेले ढेकूळ बोटांनी चुरडते, काळ्या मातीचे सहसा चुरडत नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"आलेख उंच, तिथे माल जास्त." नाही, उंची ही बेरीज आहे. माल तिथे जास्त असतो, जिथे चढ तीव्र असतो.

"उभा चढ म्हणजे चांगली वाळू." उभा चढ म्हणजे सगळे कण जवळपास एकाच आकाराचे. चांगल्या प्रतवारीच्या वाळूत D60 ला D10 ने भागल्यावर 6 पेक्षा जास्त यावे लागते आणि वक्रतेचा गुणांक 1 ते 3 मध्ये बसावा लागतो.

"हायड्रोमीटर कणाचा खरा व्यास देतो." तो तेवढ्याच वेगाने बुडणाऱ्या गोलाचा व्यास देतो, आणि चिकणमातीचे कण गोल नसतात. शिवाय सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटसारखे विघटक घातले नाही, तर कणांचे पुंजके सिल्टसारखे लवकर बसतात आणि चिकणमाती कमी भरते.

अहवाल हातात आला, की आलेखाशेजारी लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिटचे आकडे आहेत का ते पाहा. बारीक मातीच्या अहवालात ते नसतील, तर त्यावर लिहिलेले मातीचे नाव स्वीकारू नका.