नंबर तोच, कंपनी नवी!

मैत्रिणींनो, आमच्या कामोठ्यात साताऱ्या-सांगलीकडून येऊन स्थायिक झालेली घरं खूप. आमच्या बचत गटातल्या एक वहिनीही तिकडच्याच. पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांच्या घरात रेंज म्हणून नाही, फोनवर बोलायचं तर गॅलरीत उभं राहायचं! पण नंबर बदलायचा तरी कसा? सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच, बँकेत तोच, गॅसच्या पुस्तकावरही तोच.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. पोर्टिंग म्हणतात ते हेच. वहिनींनी मोबाइलवरून PORT लिहून, एक जागा सोडून, पुढे आपला दहा आकडी नंबर टाकला आणि १९०० या नंबरावर मेसेज पाठवला. उत्तरात आठ अक्षरा-आकड्यांचा कोड आला. हा कोड आपल्याकडे चार दिवसच चालतो, म्हणून दुकानात जायचं ठरलं असेल तेव्हाच मेसेज करावा. कोड आलाच नाही तरी कारण कळवतात. या कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झालेले नसतात, बिल थकलेलं असतं किंवा सिम हरवून नवं घेतल्याला सात दिवस झालेले नसतात. हा सात दिवसांचा नियम जुलै २०२४ पासूनचा, चोरांना आळा बसावा म्हणून केलेला.

कोड आणि आधार कार्ड घेऊन वहिनी नव्या कंपनीच्या दुकानात गेल्या, फोटो काढला, नवं सिम मिळालं. त्यांना वाटलं, झालं काम! लगेच जुनं सिम काढायला निघाल्या. मी म्हटलं, "अहो वहिनी, थांबा. नंबर अजून जुन्याच सिमवर आहे." नवं सिम डब्यात ठेवायचं आणि जुनं चालू द्यायचं. एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात. वहिनींचा नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा आणि नवं सिम मुंबई सर्कलचं, म्हणून पाच लागणार होते. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत. बदल कधी होणार त्याचा मेसेज आधी येतो. जुन्या सिमवरचा शिल्लक बॅलन्स मात्र बुडतो, तेव्हा नुकतंच मोठं रिचार्ज केलं असेल तर ते संपत आल्यावरच हे काम काढावं.

आता मधेच रेंज का जाते? एक नंबर एका वेळी एकाच कंपनीत नांदू शकतो. ठरलेल्या वेळी जुनी कंपनी आपल्या यादीतून तो काढते, मग नवी कंपनी आपल्या यादीत घालते. या दोन्हींच्या मधल्या वेळात जुनं सिमही मुकं आणि नवंही मुकं. म्हणून हे काम सहसा रात्री करतात. वहिनींचं जुनं सिम रात्रीच बंद पडलं. सकाळी नवं घातलं, फोन बंद करून चालू केला, रेंज आली.

पण एवढ्यावर भागत नाही बरं का! नंबर आता कुठल्या घरी गेला हे देशातल्या सगळ्या कंपन्यांना कळावं लागतं. मधली एक संस्था सगळ्यांना ती खबर देते आणि प्रत्येक कंपनी आपापली यादी दुरुस्त करते. ज्या कंपनीची यादी मागे राहते, तिचे फोन जुन्याच दारावर जाऊन परततात. वहिनींचं तसंच झालं. त्यांनी लावलेले फोन लागत होते, पण साताऱ्याच्या नणंदेचा येईना आणि बँकेचा ओटीपीही येईना. अशा वेळी वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर असलेल्या दोघी-तिघींना फोन करायला सांगावं. एकाच कंपनीचा लागत नसेल तर थोडी वाट पाहावी. वहिनींकडे दुपारपर्यंत फोन यायला लागले. सिमला रेंजच नसेल, तर नव्या कंपनीच्या दुकानात जावं. जुन्या कंपनीत जाऊन उपयोग नाही, नंबर आता त्यांचा राहिलेला नसतो. त्या एका दिवसापुरते बँकेचे व्यवहार आणि गॅसची डिलिव्हरी ठेवू नये. डब्यांच्या ऑर्डरी वहिनींनी आदल्या दिवशीच लिहून घेतल्या होत्या. हुशार बाई!

आणखी एक. तो आठ अक्षरांचा कोड दुकानदाराखेरीज कोणालाही सांगू नका, कंपनीतून बोलतोय म्हणाला तरी! आणि पोर्टिंगचा अर्ज केलेला नसताना रेंज अचानक गेली, फोन बंद-चालू करूनही आली नाही आणि शेजारणीच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र रेंज आहे, तर रात्र जाऊ देऊ नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून खातं थांबवा आणि मग कंपनीकडे चौकशी करा.