आता माझा विचार करू नका

जानेवारीत पहिला फोन आला. फेब्रुवारीत टेक्निकल राउंड झाला, मार्चमध्ये चाकणच्या प्लांटमध्ये बोलावून दोन तास मुलाखत घेतली आणि पगाराच्या स्लिपाही मागवल्या. एप्रिलमध्ये कळलं की नव्या आर्थिक वर्षाचं बजेट मंजूर व्हायचंय. मेमध्ये मोठे साहेब दौऱ्यावर होते. जून उजाडला तरी माझ्या भाचीच्या हातात कागद नव्हता. ती क्वालिटी इंजिनिअर आहे. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीने तीन आठवड्यांत सगळं उरकून ऑफर लेटर पाठवलं.

‘‘आता त्यांचा फोनच उचलत नाही. सहा महिने मी ताटकळले, आता त्यांना ताटकळू दे,’’ ती म्हणाली. राग रास्तच होता. पण मोठ्या कंपन्यांत प्रत्येक अर्जाची नोंद राहते, आणि ‘उमेदवाराने माघार घेतली’ व ‘उमेदवार उत्तर देत नाही’ हे दोन शेरे सारखे नसतात. शिवाय चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातली माणसं याच कारखान्यांत फिरत असतात. आज मुलाखत घेणारा दोन वर्षांनी आपल्याच कंपनीत साहेब म्हणून येऊ शकतो.

आधी पाहायचं ते हे, की ती जागा अजून जिवंत आहे का. पुष्कळदा खात्याला माणूस हवा असतो, पण फायनान्सने जागा रोखलेली असते. एचआर हे उघड सांगत नाही, कारण उद्या मंजुरी आली तर उमेदवार हाताशी हवा. पुढची पायरी आणि तारीख सांगितली जात असेल तर आशेला जागा आहे. दर वेळी नुसतं ‘लवकरच कळवतो’ येत असेल, तर गाडं अडलंय असं समजावं. ती नोकरी खरंच हवी असेल तर एकदा स्पष्ट विचारावं, ‘मला दुसरीकडे २० तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, त्याआधी निर्णय होईल का?’ जायचंच नसेल तर मात्र हे विचारू नये. भाचीने विचारलं. उत्तर आलं, ‘प्रोसेसमध्ये आहे.’

दुसरी ऑफर लेखी हातात येईपर्यंत माघार घ्यायची नाही; तोंडी ‘फायनल समजा’ याला काही अर्थ नसतो. ती आली की आधी कळवायचं ते ज्याने आपलं नाव सुचवलं त्याला. भाचीचं नाव तिच्या कॉलेजच्या एका सीनियरने दिलं होतं. एचआरकडून त्याला हे कळलं असतं तर त्याची पंचाईत झाली असती. मग तिने प्लांटच्या साहेबांना फोन केला, कारण त्यांनी स्वतःचे दोन तास दिले होते. शेवटी एचआरला ईमेल, त्याच जुन्या पत्रव्यवहारात, जागेचं नाव लिहून. पत्र इंग्रजीत गेलं, पण त्याचा आशय असा:

‘नमस्कार मॅडम, क्वालिटी इंजिनिअर या जागेसाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. मी दुसरी नोकरी स्वीकारली आहे. प्लांटमध्ये तुमची तपासणीची पद्धत जवळून पाहता आली, साहेबांनी वेळ दिला, त्याबद्दल आभार. मी दिलेल्या पगाराच्या स्लिपा आता लागणार नाहीत, त्या काढून टाकाव्यात ही विनंती.’

पहिल्या मसुद्यात ‘सहा महिने उलटूनही’ असं एक वाक्य होतं. मी ते खोडायला लावलं. उशीर झाला हे त्यांना ठाऊक आहे, आणि पत्र वाचणाऱ्या बाईंच्या हातात बहुधा काहीच नव्हतं. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ असंही लिहू दिलं नाही, कारण महिन्याभरात लिंक्डइनवर नवी नोकरी दिसणारच. नव्या कंपनीचं नाव मात्र सांगायची गरज नसते.

दुसऱ्याच दिवशी एचआरचा फोन आला, ‘ऑफर उद्याच काढतो, तिकडे किती देताहेत?’ माघार निसटते ती इथेच. आकडा सांगितला की घासाघीस सुरू होते, आणि मग शेवटी नकार दिला तर ‘आम्हाला वापरून घेतलं’ असं वाटतं. ती म्हणाली, ‘मॅडम, पैशांचा प्रश्न नाही, मी तिकडे शब्द दिलाय.’ हेच तिने दोनदा सांगितलं आणि फोन ठेवला.

हे सगळं ऑफरवर सही करण्याआधीचं. सही झाल्यावर त्यांनी बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो, रुजू होण्याची तारीख ठरलेली असते. तेव्हा आभाराच्या चार ओळी पुरत नाहीत. फोन करून माफी मागावी लागते, आणि पत्रातल्या अटीही आधी नीट वाचाव्या लागतात.

एचआरने ईमेलला उत्तर दिलं नाही. स्लिपांचं काय केलं तेही कळलं नाही. भाचीने आठवड्याने एकदा आठवण केली. प्लांटच्या साहेबांनी मात्र संध्याकाळी मेसेज पाठवला, ‘वेळेत सांगितलंस, बरं झालं. आम्ही दुसरा माणूस बघतो.’ दुसऱ्या माणसाची जागा तरी मंजूर झालीय का, हे विचारायचा मोह तिने आवरला.